ऑनलाइन रमी-पोकरमध्ये पत्ते खरंच नीट पिसले जातात का? ते तपासतं कोण?

नीट पिसता येतात, पण सगळं अवलंबून असतं सुरुवातीच्या बीजावर, म्हणजे सीडवर. सॉफ्टवेअर त्या एका आकड्यापासून पुढचे सगळे यादृच्छिक आकडे काढतं आणि त्यांच्यानुसार पत्त्यांची अदलाबदल करतं. बीज कळलं की पूर्ण गड्डी कळली.

१९९९ मध्ये नेमकं हेच झालं. एएसएफ सॉफ्टवेअरच्या पोकरमध्ये बीज होतं मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद. दिवसात ते फक्त ८ कोटी ६४ लाख. ५२ पत्त्यांचे क्रम मात्र ६८ अंकी संख्येइतके! संशोधकांनी आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवलं, तेव्हा उरल्या साधारण २ लाख शक्यता. हातातले दोन आणि टेबलावरचे तीन पत्ते ज्या क्रमाशी जुळतील तोच खरा. मग समोरच्याचे पत्तेही उघडे.

गंमत म्हणजे असा दोष पत्ते मोजून सापडत नाही. लाखो डाव तपासून प्रत्येक पत्ता सारख्या वेळा येतो का हे काय-स्क्वेअर चाचणी सांगते, पण पुढचा पत्ता कुणाला ओळखता येईल का हे सांगत नाही. म्हणून जीएलआय किंवा आयटेक लॅब्ससारख्या प्रयोगशाळा सोर्स कोडही वाचतात: बीज कुठून येतं, ते किती मोठं आहे, पिसण्याचा कोड एकाच बाजूला झुकतो का. प्रमाणपत्र मात्र तपासलेल्या आवृत्तीपुरतंच असतं, त्यामुळे साइटवर ते दिसलं तर आधी तारीख आणि खेळाचं नाव वाचा.