अँजिओप्लास्टी झाली, आता तंबाखू एकदम बंद करावी का?

“माझ्या वडिलांना तीन आठवड्यांपूर्वी हार्ट अटॅक आला आणि अँजिओप्लास्टी झाली. तीसएक वर्षे ते बिडी ओढतात, तंबाखूही खातात. रुग्णालयात सगळे बंद होते, पण घरी आल्यापासून ते चिडचिडे झाले आहेत, झोप नाही, छातीत धडधडते म्हणतात. शेजारचे काका सांगतात की इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली तर हृदयाला झेपणार नाही, थोडी थोडी देत कमी करा. काय करावे?”

एकदम बंद केल्याने हृदयावर ताण येत नाही. ताण येतो तो निकोटीनमुळे. तंबाखूचा बार भरला की काही मिनिटांत नाडी आणि रक्तदाब वाढतो, आणि बंद केल्यावर विश्रांतीची नाडी उलट खाली येते. बिडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी करतो, तोही एकदोन दिवसांत निघून जातो. चिडचिड, अस्वस्थता, मोडलेली झोप ही निकोटीन तुटल्याची लक्षणे असून ती पहिल्या दोनतीन दिवसांत सर्वांत तीव्र असतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. थोडी थोडी देण्याच्या सल्ल्याबद्दल एवढेच सांगतो की, दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. बिड्या बारावरून दोनवर आणल्याने धोका त्या हिशेबाने घटत नाही.

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका तांडेलांची, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखांची, हकीकत येथे उपयोगी पडेल; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय छप्पन्न, दिवसाला दहाबारा बिड्या आणि चुना लावून मळलेली तंबाखू. मे महिन्यात झटका आला आणि कोल्हापूरला नेऊन स्टेंट बसवला. अतिदक्षता विभागात पाच दिवस काहीच मिळाले नाही, त्यामुळे तुटण्याचा सर्वांत कठीण काळ औषधांच्या गुंगीत आणि भीतीत निघून गेला. तेथे त्यांनी शपथही घेतली. अशा शपथेवर मी फारसा विसंबत नाही, कारण तेथे ना चंची हाताशी असते, ना जाळे, ना सोबती. रुग्णालयात सुरू केलेले समुपदेशन घरी गेल्यावर किमान महिनाभर चालू राहिले तरच त्याचा उपयोग होतो, हे अभ्यासांतही दिसले आहे. खाटेजवळचा एकदाचा उपदेश घरी पोहोचेपर्यंत विरून जातो.

म्हणून डिस्चार्जच्या वेळीच त्यांची नोंद आमच्या हृदय पुनर्वसन वर्गात करून घेतली. या वर्गात दर भेटीला नाडी आणि रक्तदाब मोजतात, सहा मिनिटे चालवून किती अंतर कापले ते लिहितात, मग देखरेखीखाली व्यायाम घेतात. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपतच वेग ठेवायचा असतो. तंबाखूची विचारपूस त्याच कागदावर होते.

दुसऱ्या आठवड्यात त्या कागदाने काम केले. डिस्चार्जच्या दिवशी विश्रांतीची नाडी ६२ होती. आता चालण्याआधीच ७८ भरली. नाडी मंद ठेवणारी गोळी चुकली असेल म्हणून आम्ही आधी पाकिटे मोजली. गोळ्या बरोबर संपत होत्या. ताप नव्हता, धाप नव्हती, ईसीजी पूर्वीसारखाच होता. “एसटीत काही घेतले का?” असे विचारल्यावर ते गप्प राहिले आणि मग म्हणाले, “बिडीला हात लावलेला नाही, शपथ. पण तोंडात थोडी धरतो. धूर कुठे आहे त्यात?”

ही समजूत फार पसरलेली आहे. मळलेल्या तंबाखूत धूर नसला तरी निकोटीन पुरेपूर असते, आणि ते गालाच्या आतून सावकाश, बराच वेळ रक्तात उतरत राहते. घरात तंबाखूची पुडी नव्हती, मग ती येत होती कुठून? त्यांच्या पत्नीच्या मशेरीच्या डबीतून. मशेरीला कोणी व्यसन मानत नाही, म्हणून ती डबी कोणाच्या हिशेबातच नव्हती. पुढच्या भेटीला त्यांना सोबत बोलावले आणि दोघांचे समुपदेशन एकत्र सुरू केले.

मग प्रश्न आला तो तलफ नेमकी केव्हा येते याचा. पहिली वेळ सकाळची: बार भरल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. निकोटीन तुटल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतेच, आणि झटक्यानंतर शौचाला जोर करणे बरे नव्हे. डॉक्टरांनी रात्री इसबगोल दिले आणि सकाळची ही सबब आठवड्यात संपली. दुसरी वेळ जाळे शिवताना. तेथे बडीशेप आणि लवंग ठेवली. सुपारी मात्र नको म्हटले, कारण तिचीही सवय लागते आणि तीही नाडी वाढवते.

एवढ्यावर भागेना, तेव्हा झटक्याला दोन आठवडे उलटून गेलेले आणि प्रकृती स्थिर असल्याचे पाहून हृदयरोगतज्ज्ञांनी दोन मिलिग्रॅमचा निकोटीन गम लिहून दिला. पहिल्या दिवशी त्यांनी तो च्युइंगमसारखा सतत चघळला, लाळ गिळली, आणि उचक्या व जळजळ होऊन टाकून दिला. गम सावकाश चावायचा, झिणझिण्या जाणवल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, त्या ओसरल्या की पुन्हा चावायचा. आधी पाव तास चहा घ्यायचा नाही. “म्हणजे बार धरतो तसाच,” असे म्हणून त्यांना ते चटकन जमले. तंबाखू खात असतानाच गम घ्यायचा नाही, ही अट होती. दिवसाला आठनऊ गम लागत, ते कमी करत बारा आठवड्यांत बंद झाले.

जून-जुलैतील मासेमारीबंदीमुळे ते घरी होते, हे पथ्यावर पडले. ऑगस्टमध्ये ट्रेडमिल चाचणीनंतर डॉक्टरांनी होडीवर जायला परवानगी दिली, पण जाळे ओढायचे नाही या अटीवर. दुसऱ्याच फेरीत, रात्री जाळे टाकून बसलेले असताना, खलाशाने पुढे केलेली चिमूट त्यांनी घेतली. किनाऱ्याला लागताच फोन आला. आम्ही शपथ पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावली नाही; त्या रात्रीची वेळ कागदावर लिहिली आणि पुढच्या फेरीसाठी गमच्या चार गोळ्या खिशात देऊन, पुतण्याला पाळीवर त्यांच्या शेजारी बसवले. तो तंबाखू खात नव्हता.

तुमच्या वडिलांच्या धडधडीबद्दल सावध राहा. तलफेची बेचैनी पाचदहा मिनिटांत ओसरते आणि लक्ष दुसरीकडे गेले की कमी होते. छातीवर दाब आला, दुखणे जबड्यात किंवा हातात उतरले, घाम फुटला, चक्कर आली, तर ती तलफ समजू नका: त्यांना बसवा, डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी द्या, आणि पाच मिनिटांत उतार पडला नाही तर १०८ ला फोन करा. तसे काही नसले तरी धडधड या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्या, आणि गमबद्दल त्याच वेळी विचारा. पुनर्वसन केंद्र लांब असेल तर घरी चालण्याचा तक्ता लिहून मागा आणि रोज उठल्यावर, चहाआधी, नाडी मोजून त्यात लिहा. मधल्या दिवसांत १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर मोफत बोलता येते. आणि घरात कोणी मशेरी लावत असेल, तर ती डबी आजच घराबाहेर काढा.