शोधकथा कधी म्हणावी, कधी म्हणू नये

प्रश्न: आमच्या वर्गात जवळजवळ प्रत्येक कादंबरीला ‘नायकाचा प्रवास’ असं लेबल लागतं. कादंबरीची रचना खरोखरच प्रवासावर किंवा शोधावर उभी आहे, हे ओळखायचं कसं?

आधी प्रवास आणि शोध हे दोन वेगळे ठेवा. प्रवासात माणूस जागा बदलतो, एवढंच. शोधात तो कशासाठी तरी निघालेला असतो आणि ते हाती लागलं, किंवा कायमचं निसटलं, की गोष्ट थांबायला हवी.

डब्ल्यू. एच. ऑडनने 1961 च्या एका निबंधात शोधकथेचे सहा घटक सांगितले आहेत: मिळवायची मोलाची वस्तू किंवा व्यक्ती, तिचा ठावठिकाणा माहीत नसल्यामुळे करावा लागणारा लांबचा प्रवास, नायक, त्याच्या कसोट्या, त्या वस्तूचे राखणदार आणि वाटेत भेटणारे मदतनीस. यातल्या राखणदाराकडे विद्यार्थी सहसा दुर्लक्ष करतात. माझ्या मते तोच सर्वांत कामाचा. वस्तू नायकाला मिळू नये म्हणून नेमकं कोण किंवा काय आडवं येतं, याचं उत्तर देता येत नसेल, तर बहुधा ती शोधकथा नाही.

मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’वर हे लावून पाहा. हकला दारुड्या बापापासून सुटायचं आहे, जिमला गुलामीतून. बेत अगदी स्पष्ट आहे: तराफ्यावरून मिसिसिपीने केरो गावापर्यंत उतरायचं, तिथे ओहायो नदी येऊन मिळते, तराफा विकून आगबोट धरायची आणि ओहायोने वर मुक्त राज्यांत जायचं. ध्येय आहे, राखणदारही आहेत (पळालेले गुलाम पकडायला निघालेली माणसं). पण पंधराव्या प्रकरणात दाट धुकं पडतं आणि पुढच्या प्रकरणात काठालगत ओहायोचं नितळ पाणी दिसतं, बाहेरच्या बाजूला मिसिसिपीचं गढूळ. म्हणजे केरो मागे राहिलं. होडीही नाहीशी होते, आणि मग तराफ्यावर आगबोट आदळते.

इथे रचनेची खरी अडचण सुरू होते. प्रवाह दक्षिणेकडे, म्हणजे गुलामीच्या मुलखात, खोल खोल नेतो आणि ध्येय तर उलट दिशेला. ट्वेनने 1876 मध्ये सुरू केलेलं हस्तलिखित याच सुमारास बाजूला ठेवलं, ते पुरं झालं 1883 मध्ये. पुढचा भाग शोधावर चालत नाही. तो चालतो नदीच्या ओढीवर आणि ‘राजा’ व ‘ड्यूक’ म्हणवणाऱ्या दोन ठकांच्या लबाड्यांवर. त्या दोघांची धर्मसभेतली फसवणूक आणि पुढच्या गावातला नाटकाचा तमाशा यांची अदलाबदल केली, तर फारसं बिघडत नाही. धुक्याची रात्र मात्र हलवता येत नाही. टप्प्यांची अशी अदलाबदल करून बघणं ही चांगली परीक्षा आहे.

तरी कादंबरी विस्कळीत वाटत नाही, कारण तिच्यात दुसरा एक क्रम आहे. हक जिमची माफी मागतो, मग त्याला वाचवायला खोटं बोलतो आणि एकतिसाव्या प्रकरणात त्याला पकडून देणारं पत्र फाडून टाकतो. हा क्रम उलटवता येत नाही. पण तो नदीच्या टप्प्यांवर नाही, निर्णयांवर बेतलेला आहे. त्याला ‘नैतिक प्रवास’ म्हटलं, की दोन वेगळ्या रचना एकाच शब्दाखाली झाकल्या जातात. शिवाय शेवटी कळतं की जिम दोन महिन्यांपूर्वीच मृत्युपत्राने मुक्त झाला होता आणि हकचा बाप तर फार आधीच मेला होता. दोघांचीही पळण्याची कारणं वाटेतच संपली होती! हा विरोधाभास शोधाचे घटक मांडले तरच नीट दिसतो.

शब्द सैल झाला आहे का, हे तपासायला तुमच्या वाक्यात ‘प्रवास’च्या जागी ‘बदल’ घालून वाचा. काहीच हरवलं नाही, तर ‘प्रवास’ काढून टाका. ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकर गावाहून पुण्याला शिकायला जातो आणि परततो. जाणं-येणं आहे, पण मिळवायची वस्तू नाही, राखणदारही नाही. तिथे ‘स्वतःचा शोध’ म्हणणारा समीक्षक ती वस्तू स्वतःच्या पदरची घालतो. जवळजवळ कोणत्याही पात्राबद्दल हे म्हणता येईल, म्हणूनच त्याने या कादंबरीबद्दल काही कळत नाही.

याउलट बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (1857) शोध नसला तरी प्रवास हीच खरी रचना आहे. यमुना आणि विनायक हिंडतात म्हणून निरनिराळ्या विधवांच्या कहाण्या एका धाग्यात येतात. घरात बसून त्या भेटल्या नसत्या. त्यातल्या बऱ्याच कहाण्या मागेपुढे करता येतील. विनायकाचा मृत्यू मात्र नाही, कारण तोवर इतरांचं वैधव्य पाहत आलेली यमुना तिथे स्वतःच विधवा होते. प्रबंधासाठी या दोन मराठी कादंबऱ्या शेजारी ठेवल्यात, तर शब्दाची मर्यादा कुठे पडते ते दाखवणं सोपं जाईल.