१२ बाय ३ चा बोर्ड आणि ताशी ६० ची गाडी

प्रश्न: आमचं टायर-पंक्चरचं दुकान राज्य महामार्गाला लागून आहे. नवीन बोर्ड करायचाय, १२ बाय ३ फुटांचा. नाव ‘श्री भैरवनाथ ऑटोमोबाईल्स अँड टायर सर्व्हिस’. पेंटर म्हणतो लांबून वाचता येईल. पण चालत्या गाडीतून नक्की किती लांबून, हे बोर्ड लावायच्या आधी कसं कळणार?

उत्तर:

हे अख्खं नाव एका ओळीत घातलंत तर साधारण १२५ फुटांवरून वाचता येईल आणि ताशी ६० ने येणाऱ्याला ते पुरणार नाही. त्याच बोर्डवर नुसतं ‘भैरवनाथ टायर’ लिहिलंत तर पावणेचारशे फुटांपर्यंत मजल जाते. मी पाट्यांची अक्षरं आखण्याचं काम करतो. हे आकडे कसे निघाले ते दाखवतो, म्हणजे दुसरं एखादं नाव मनात असेल तर तुम्हालाच काढता येतील.

आधी अक्षराची उंची धरायची ती शिरोरेघेपासून खालच्या टोकापर्यंत. वरच्या मात्रा, वेलांट्या आणि खालचे उकार यात मोजायचे नाहीत. बोर्ड ३ फुटी म्हणून अक्षरं ३ फुटी होत नाहीत. ‘भै’च्या दोन मात्रांनाच अक्षराच्या जवळजवळ निम्मी जागा लागते. नावात उकार किंवा ‘द्ध’सारखं खाली उतरणारं जोडाक्षर असेल तर तेवढीच जागा खालीही सोडावी लागते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही कटकट नसते.

या उंचीच्या दर इंचाला २५ फूट धरा. अमेरिकेतल्या रस्त्यांच्या पाट्यांसाठी इंचाला ३० फूट असा हिशोब वापरतात, पण तो रोमन अक्षरांचा. आपल्या अक्षरात तेवढ्याच उंचीत जास्त रेघा आणि गाठी असतात, म्हणून मी २५ धरतो. जोडाक्षरांची गर्दी असेल तर २० वर येतो.

आता लांबी. नाव कॉम्प्युटरवर जाड टाइपात टाइप करा आणि ओळीची रुंदी अक्षराच्या उंचीच्या किती पट येते ते मोजा. ‘र’ अंग चोरून बसतो, ‘ऑ’ आणि ‘ल्स’ ऐसपैस पसरतात, त्यामुळे नुसती अक्षरं मोजून भागत नाही. तुमचं पूर्ण नाव उंचीच्या साधारण २६ पट भरतं. १२ फूट म्हणजे १४४ इंच, दोन्ही कडांना ६-६ इंच मोकळे सोडले की उरले १३२. म्हणजे अक्षर आलं जेमतेम ५ इंचांचं. पाचाला पंचवीस, झाले १२५ फूट. ‘भैरवनाथ टायर’ मात्र उंचीच्या आठ-सव्वाआठ पटच भरतं. त्यात १५ इंची अक्षर आरामात बसतं, वर मात्रांना जागा राहते आणि अंतर होतं ३७५ फूट. मोठं नाव दोन ओळींत घातलं तर अक्षर थोडं वाढतं, पण वरच्या ओळीचे पाय आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात. ३ फुटांत मी दोन ओळींच्या वाटेला जाणार नाही.

दुसरी बाजू ड्रायव्हरची. ताशी ६० ने गाडी सेकंदाला ५५ फूट पुढे येते. बोर्ड त्याच्या सरळ रेषेपासून ३० फूट बाजूला असेल तर गाडी जवळ येईल तसा बोर्ड नजरेच्या बाजूला सरकत जातो. समोरच्या रस्त्यावरून नजर न हलवता वाचायचं तर साधारण १० अंशांपर्यंत ठीक, आणि ३० फूट बाजूच्या बोर्डसाठी ही हद्द येते १७० फुटांवर. त्याच्या अलीकडे वाचायचं तर मान वळवावी लागते आणि ट्रकच्या मागे चालणारा माणूस ती वळवत नाही. १२५ फुटांवर वाचता येणारं नाव वाचता यायला लागतं तेव्हा त्याची वेळ उलटून गेलेली असते. उलट ३७५ ते १७० या २०५ फुटांत पावणेचार सेकंद मिळतात. बोर्ड नजरेत भरायला एक सेकंद आणि दोन ओळखीचे शब्द वाचायला एक सेकंद धरला तरी तो अजून २६५ फुटांवर, म्हणजे ८० मीटरवर असतो. ताशी ६० च्या वेगात गाडी सुरक्षित थांबवायला रस्त्यांच्या भारतीय मानकांत धरलेलं अंतरही ८० मीटरच आहे. पंक्चर झालेल्या माणसाला बाजूला घ्यायला एवढं बास.

वाचायला लागणारा वेळ शब्द किती ओळखीचा आहे त्यावरही ठरतो. ‘भैरवनाथ’ आपल्याकडे कोणी अक्षर अक्षर लावून वाचत नाही. सुरुवातीच्या दोन मात्रा आणि शेवटचं ‘नाथ’ दिसलं की काम झालं. शिरोरेघेमुळे मराठी शब्द लांबून एक सपाट पट्टी होतो, आणि त्या पट्टीच्या वर-खाली जे डोकावतं त्यावरून डोळा शब्द पकडतो. म्हणून ‘समर सदन’सारखं मात्रा नसलेलं नाव आखूड असूनही लांबून मुकं वाटतं. हल्ली कुठल्याच भाषेतली नसलेली नावं काढायची हौस आहे. त्यांतलं प्रत्येक अक्षर वाचावंच लागतं. तशा नावाला मी वर धरलेला सेकंद दुप्पट करतो.

आणि अक्षर अक्षर वाचायची वेळ आली की खरी परीक्षा अक्षरातल्या फटीची. ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक कुठे असतो? डाव्या बाजूच्या गाठीत आणि शिरोरेघेतल्या बोटभर तुटकपणात. ‘ध’ आणि ‘घ’, ‘थ’ आणि ‘य’ यांचंही तेच. ती फट बुजली की ‘भोर’चा ‘मोर’ होतो आणि ‘धन’चा ‘घन’. डोळ्यांच्या तक्त्याच्या हिशोबाने उत्तम नजरेला १ इंचाची फट साधारण २८५ फुटांपर्यंत उघडी दिसते. चालती गाडी, काचेवरची धूळ आणि वाढलेला चष्म्याचा नंबर धरून मी ते निम्मं, म्हणजे १४० फूट धरतो. तुम्हाला वाचून व्हायला हवंय २६५ फुटांवर. म्हणजे १५ इंची अक्षरात ‘भ’ आणि ‘थ’च्या शिरोरेघेतली फट २ इंचांच्या आसपास हवी. बाजारातल्या जाड टाइपात ती इंच-दीड इंच निघते. ‘भैरवनाथ’ ओळखीमुळे निभावून जाईल, पण फट वाढवून घ्यायला पैसे पडत नाहीत. पेंटरला किंवा फ्लेक्सवाल्याला नेमकं एवढंच सांगा. ‘ख’ घालायची वेळ आली तर त्याचे दोन भाग खाली जोडून घ्या, नाहीतर ‘खाना’ लांबून ‘रवाना’ वाचला जातो.

फट बुजवणाऱ्या दोन गोष्टी कायम दिसतात. एक, अक्षराभोवती तिसऱ्या रंगाची बॉर्डर आणि तिच्यामागे सावली. जवळून झोकदार दिसतं, पण बॉर्डर फटीच्या दोन्ही काठांवर चढते आणि २ इंचांतला इंच तिथेच जातो. दुसरी, रात्रीचा आतला लाइट. पेटलेलं पांढरं अक्षर रात्री आहे त्यापेक्षा फुगून दिसतं, दिवसा छान वाचता येणारा ‘भ’ रात्री ‘म’कडे झुकतो. आत लाइट देणार असाल तर रेघ दिवसाच्या बोर्डपेक्षा बारीक ठेवा आणि ट्यूबचा भगभगीतपणा कमी ठेवा.

बोर्ड कसा लावणार ते तुम्ही लिहिलं नाहीत. शटरवर, रस्त्याला समांतर लावणार असाल तर वरचा सगळा हिशोब विसरा. १७० फुटांवरून, ३० फूट बाजूला असलेला १२ फुटी बोर्ड येणाऱ्याला जेमतेम २ फूट रुंद दिसतो. उंची तेवढीच राहते, पण अक्षरं आडवी सहापट चेपली जातात आणि फटींचं नावच उरत नाही. दोन खांबांवर, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून लावा, मात्र स्वतःच्या हद्दीत. रस्त्याच्या जागेत आलेला बोर्ड काढून नेतात. इंग्रजी नावही हवं असेल तर आपल्याकडच्या दुकानांच्या कायद्याप्रमाणे मराठी आधी आणि मराठी अक्षरं इंग्रजीपेक्षा लहान नकोत, म्हणजे ३ फुटांतली निम्मी उंची गेली. त्यासाठी वेगळी पाटी करणं परवडतं.

बोर्ड करण्याआधी घरीच ताडून बघायचं तर विसाव्या भागाचा नमुना काढा. १२ बाय ३ फूट म्हणजे ७.२ बाय १.८ इंच, ए-फोर कागदावर सहज मावतो. अंतरंही विसाने भागायची. ३७५ फूट म्हणजे पावणेएकोणीस फूट, २६५ फूट म्हणजे सव्वातेरा फूट. कागद भिंतीला लावा आणि नाव माहीत नसलेल्या माणसाला सव्वातेरा फुटांवर उभं करून सेकंदभर दाखवून झाका. तुमचं स्वतःचं वाचणं यात धरू नका, तुम्हाला नाव पाठ आहे. चष्मा लागलेले एखादे काका मिळाले तर उत्तम, कारण हायवेवरचा ड्रायव्हर तरणाबांड असेलच असं नाही. ते काय वाचतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘काहीतरी नाथ टायर’ म्हणाले तरी नमुना पास. ‘टायर’च सुटलं तर नापास, कारण पंक्चर झालेला माणूस शोधत असतो ते तेवढंच. तसं झालं तर ‘टायर’ला वेगळा रंग द्या किंवा नावाच्या आधी आणा.

फोन नंबर मोठ्या बोर्डवर घालू नका. दहा आकडे चालत्या गाडीतून कोणी वाचत नाही. तो शटरवर लिहा, दुकान बंद असताना थांबलेल्याला तिथेच लागेल. ‘ऑटोमोबाईल्स’ आणि ‘सर्व्हिस’ही तिथेच घ्या.