द्राक्षाच्या पेटीवरची रशियन अक्षरं आठवड्यात कशी वाचावीत?

प्रश्न: नाशिकजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये नुकताच कामाला लागलोय. रशियाला जाणाऱ्या द्राक्षांच्या पेट्यांवरची अक्षरं अर्धी इंग्रजीसारखी दिसतात, पण वाचता काहीच येत नाही. हंगाम तोंडावर आहे. लवकर वाचायला शिकण्याची काही युक्ती आहे का?

आठवड्यात होईल, फक्त एक पथ्य पाळा: प्रत्येक अक्षराखाली इंग्रजी अक्षर लिहू नका, थेट देवनागरी लिहा. मी पहिल्या हंगामात उलटं केलं आणि फसलो.

लेबलच्या कोऱ्या नमुन्यावर दोन रकाने होते, СОРТ आणि СТРАНА. मी पहिला ‘कॉप्ट’ वाचला आणि दुसरा ‘सीटीपाहा’. कॉप्ट म्हणजे कंट्रीचंच काहीतरी असणार, असं स्वतःच ठरवून तिथे भारत टाकला आणि खाली थॉम्पसन. म्हणजे वाणाच्या जागी देश आणि देशाच्या जागी वाण! स्टिकर छापून आले, शंभरेक पेट्यांना लागलेही. नशीब, फोटो बघून समोरच्या एजंटने माल भरण्याआधी फोन केला. ती रात्र स्टिकर खरवडण्यात गेली.

या दोन शब्दांत एकही अक्षर अनोळखी दिसत नाही, आणि गोम तिथेच आहे. रशियनमध्ये 33 अक्षरं आहेत. त्यातली А, К, М, О, Т दिसतात तशीच बोलतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. डोळ्याला फसवणारी मुख्य अक्षरं सहा. В म्हणजे व, Н म्हणजे न, Р म्हणजे र, С म्हणजे स, У म्हणजे उ, आणि Х म्हणजे घशातून घासून येणारा ख, उर्दू ‘ख़बर’मधला. ही सहा एका कागदावर लिहून वजनकाट्याशेजारी चिकटवा. ओझरला ज्याचे कारखान्यात सुटे भाग जोडले जातात ते सुखोई विमान रशियनमध्ये СУХОЙ असं लिहितात. त्यात सहापैकी तीन चोर एकापाठोपाठ एक बसलेत, म्हणून मला ते पाठ करायला सोपं गेलं.

आता देवनागरीचाच आग्रह का? В म्हणजे इंग्रजी व्ही, Р म्हणजे इंग्रजी आर असं पाठ केलं की डोळा इंग्रजीच्याच वाटेने जातो आणि घाईत Р दिसलं की परत ‘पी’वर घसरतो. शिवाय इंग्रजीमार्गे गेलात तर Т चा ट आणि Д चा ड करून बसाल. रशियन Т आणि Д जीभ दातांना टेकवून म्हणतात, म्हणजे आपले त आणि द. पेटीवर ДАТА असतं, तारीख. त्याचा उच्चार सरळ ‘दाता’. МАССА म्हणजे वजन, आणि ते जवळजवळ ‘मासा’ ऐकू येतं. हे दोन मी कधीच विसरलो नाही.

लिहिताना मात्र व्यंजनाचा पाय मोडा. आपल्याला ‘क’ म्हटलं की आत ‘अ’ धरायची सवय आहे. तिथे К म्हणजे नुसता क्, पुढे स्वर असेल तरच तो भरतो. А आला की काना, И आली की वेलांटी, У आला की उकार. СТРАНА घ्या: स्, त्, र् ला काना, न् ला काना. झालं ‘स्त्राना’, म्हणजे देश. СОРТ म्हणजे स्, ओ, र्, त्, ‘सोर्त’, म्हणजे वाण. जोडाक्षरं फोडून वाचायला आपल्याला शाळेपासून येतं, त्यामुळे तीन-तीन व्यंजनं सलग आली तरी आपण अडत नाही.

मग पेटीवरचा मोठा शब्द धरा: ВИНОГРАД. यात सगळं आहे. В, Н, Р हे चोर, О आणि А ओळखीचे, आणि И, Г, Д नवीन. Г म्हणजे ग आणि Д म्हणजे द. ही ग्रीक गॅमा आणि डेल्टा यांची पोरं. П, Л, Ф पण तशीच, पाय, लॅम्डा, फाय. दहावी-बारावीच्या गणितात आणि फिजिक्समध्ये भेटलेली मंडळी. तर व्+इ, न्+ओ, ग्, र्+आ, द्: ‘विनोग्राद’, द्राक्ष. तोंडाने मात्र ते ‘विनाग्रात’ असं म्हणतात, कारण जोर नसलेला ओ ‘आ’कडे झुकतो आणि शेवटचा द कडक होऊन त होतो. जोर कुठे आहे हे छापलेलं नसतं. लेबल वाचायला हे लागत नाही, फोनवर बोलायला लागतं.

ИНДИЯ हा शब्द सगळ्यांना गोंधळात टाकतो, कारण आरशात उलटा दिसणारा एन म्हणजे इ, आणि इंग्रजी एचसारखा दिसतो तो न. यामागे गंमत आहे. जुन्या सिरिलिकमध्ये न हा एनसारखा तिरप्या दांडीचाच होता आणि इ हा एचसारखा आडव्या दांडीचा. पुढे शतकांच्या ओघात दोघांच्या दांड्या कलल्या आणि आकारांची अदलाबदल झाली. Я म्हणजे या. म्हणून ‘इंदिया’.

एका बाबतीत तर आपण इंग्रजीवाल्यांच्या पुढे आहोत. मराठीत च दोन आहेत, चमच्यातला आणि चहातला. रशियनमध्ये त्यांना दोन वेगळी अक्षरं दिलीत: Ц हा चमच्यातला, Ч हा चहातला. चहाला ते ЧАЙ म्हणतात. ‘बिनबियांची’ असं लिहायचं असेल तर БЕЗ КОСТОЧЕК छापतात, त्यात शेवटाकडे हाच चहाचा च आहे. Б म्हणजे ब, हे इथेच पक्कं करा, म्हणजे В ला ब म्हणायचा मोह जाईल. Ш जिभेला मागे नेऊन म्हणायचा, खरंतर आपला ष. Щ मऊ आणि लांब, श. Ж साठी आपल्याकडे अक्षर नाही. ष म्हणत राहा आणि गळ्यातला आवाज चालू करा, बस.

रोज वीस मिनिटं, पॅलेटवरच्या खऱ्या लेबलखाली पेन्सिलीने देवनागरी. पाचव्या-सहाव्या दिवशी एक खूण दिसेल: खोक्यावरचं इंग्रजी ‘पॅक’ क्षणभर ‘रास्क’ वाचलं जाईल. माझं झालं होतं, सुपरवायझरला वाटलं मला चक्कर आली. दोन-तीन दिवसांत ते आपोआप थांबतं. उलट НЕТТО दिसल्यावर तोंडातून अजून ‘हेट्टो’ निघत असेल, तर भिंतीवरची सहा अक्षरं परत काढा.

एक मात्र सांगून ठेवतो. हे सगळं उभ्या छापील अक्षरांपुरतं आहे. तिरप्या छपाईत लहान т इंग्रजी एमसारखा दिसतो, и हा यूसारखा आणि п हा एनसारखा, आणि हाताने लिहिलेलं तर त्याहून वाईट. तिकडून कोणी हाताने लिहिलेल्या शेऱ्याचा फोटो पाठवला तर अंदाज बांधू नका, टाइप करून मागा. चार हंगाम झाले, मी अजून तेच करतो.