अरबीतला 'हाल': आधी नाम बघा

'हाल' अडतोय ना? आधी मराठीत बघा. 'हसरा मुलगा आला' यात विशेषण, 'मुलगा हसतोय' यात विधेय, आणि 'मुलगा हसत आला' यात हाल, म्हणजे येतानाची अवस्था.

आता अरबी. 'जाअल्-वलदु यद्हकु': मुलगा हसत आला. यद्हकु काढलं तरी 'मुलगा आला' उरतं, म्हणून ते विधेय नाही. आता नाम निश्चित करणारा 'अल्' काढा: 'जाअ वलदुन् यद्हकु', हसणारा एक मुलगा आला. क्रियापद तेच, पण नाम अनिश्चित झालं आणि उपवाक्य विशेषण बनलं. नवशिके इथेच चुकतात, नाम न बघता अर्थ लावतात.

दुसरी चूक 'व'ची. 'जाअल्-वलदु व हुव यद्हकु' मधला 'व' म्हणजे 'आणि' नाही, 'असताना'.

शेवटचे स्वर तूर्तास बाजूला ठेवा.