पगार थकलाय, एफडी मोडू का?

प्रश्न: मी विनाअनुदानित शाळेत अकरा महिन्यांच्या करारावर शिक्षिका आहे. पगार २२,००० रुपये. जुलै ते सप्टेंबरचा पगार झालेला नाही, मध्ये एकदा १०,००० मिळाले. घरखर्चाला महिन्याला १२,००० कमी पडतात. १,२०,००० ची एफडी आहे, ६.८ टक्क्यांची, मार्चमध्ये मुदत संपते. ती मोडू का? संस्थेला पत्र द्यायचं मनात आहे, पण पुढच्या वर्षी घेतलं नाही तर, अशी भीती वाटते.

ताई, एफडी मोडू नका, पण तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती तारण ठेवून लागेल तशी रक्कम उचलायची सोय, घेण्याआधी पत्र द्या. किती महिन्यांची सोय करायची हे संस्था कोणती तारीख देते यावर ठरणार आहे, आणि तोंडी विचारलं की "बघू, फी जमा झाली की करू" एवढंच ऐकायला मिळतं.

पत्रात आकडा एकच हवा आणि तो बिनचूक हवा. मिळालेले दहा हजार वजा करायला विसरलात, तर सगळी चर्चा त्या चुकीवरच होईल. मी असं लिहीन:

"मा. सचिव यांस, मुख्याध्यापकांमार्फत. विषय: जुलै ते सप्टेंबरचे थकीत वेतन. महोदय, माझ्या करारानुसार वेतन दरमहा १० तारखेपर्यंत देय आहे. तीन महिन्यांचे एकूण वेतन ६६,००० रुपये होते. त्यापैकी २८ ऑगस्टला १०,००० रुपये मिळाले, ५६,००० रुपये येणे आहे. या काळात माझे सर्व तास व परीक्षेचे काम नियमित झाले असून हजेरीपत्रकात त्याची नोंद आहे. फी वसुलीची अडचण मला माहीत आहे. तरी ही रक्कम ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यावी. एकरकमी शक्य नसल्यास हप्ते व त्यांच्या तारखा लेखी कळवाव्यात, ही विनंती. सोबत: कराराची प्रत, बँक खात्याचा उतारा."

घरच्या अडचणी यात घालू नका. मागणी मेहनतान्याची आहे, मदतीची नाही. "वर्गावर येणार नाही" असंही लिहू नका, कारण तास बुडाले की तुमची बाजू लंगडी पडते. दोन प्रती काढा आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घ्या. घ्यायला टाळाटाळ झाली तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा.

शिक्का मात्र पत्र पोचल्याचा पुरावा आहे, रक्कम मान्य असल्याचा नाही, म्हणून उत्तर लेखी मागायचं. थकीत वेतनाचा दावा साधारणपणे ते देय झाल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. त्या मुदतीच्या आत संस्थेने सहीनिशी बाकी मान्य केली, तर मुदत तिथून नव्याने मोजतात. आणखी एक जपा: अर्धे पैसे हातात ठेवून पूर्ण पगाराच्या व्हाउचरवर सही मागितली जाते. सहीशेजारी "रु. अमुक मिळाले, रु. अमुक बाकी" असं अक्षरी लिहा. ते लिहू देत नसतील तर सही करू नका.

आता बँक. एफडीचे सात महिने झाले आहेत. आज मोडली तर बऱ्याच बँका सात महिन्यांच्या मुदतीला असलेला दर लावतात आणि त्यातूनही अर्धा ते एक टक्का कापतात. समजा हातात पाच टक्के पडले, तर व्याज ४,७६० ऐवजी ३,५०० मिळेल. १,२६० रुपये तिथेच गेले, शिवाय उरलेली रक्कम पुन्हा नव्या दराने ठेवावी लागेल.

ओव्हरड्राफ्टला एफडीच्या दरावर साधारण एक-दोन टक्के जास्त पडतात आणि व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागतं. ८.८ टक्के धरले तर १२,००० ला महिन्याला ८८ रुपये. दर महिन्याला बारा हजार उचलून तीन महिन्यांनी थकबाकी मिळाली आणि सगळं फेडलं, तर व्याज ५२८ रुपये होतं. एफडी जागेवर राहते. प्रक्रिया शुल्क मात्र विचारून घ्या, ते साधारण सातशेच्या पुढे असेल तर हा हिशेब बिघडतो. क्रेडिट कार्डावर रोख काढू नका, तिथे व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास असतं.

ही सोय ३६,००० ला थांबवा. संस्थेने दिलेली पहिलीच तारीख चुकली, तर त्याच आठवड्यात दुसऱ्या शाळांकडे अर्ज टाका.

पुढच्या वर्षीची भीती खोटी नाही. आदराने लिहिलेलं पत्रही काहींना खटकतं. पण गप्प राहिलात तर मार्चपर्यंत थकबाकी लाखावर जाऊ शकते, आणि करार संपल्यावर, तुम्ही शाळेत रोज दिसत नसताना, ती मागणं आजच्यापेक्षा अवघड असेल. म्हणून पत्र या आठवड्यातच द्या, आणि अनुभवाचा दाखला आत्ताच मागून ठेवा.