मंगळ वक्री झाला की काही दिवसांनी परत मार्गी का होतो?

"पृथ्वी मंगळाला ओव्हरटेक करते म्हणून तो मागे जाताना दिसतो, असं शाळेत शिकवलं. पण पृथ्वी तर कायमच मंगळापेक्षा वेगवान आहे. मग तो कायमच मागे जाताना का दिसत नाही? मध्येच थांबून परत पुढे कसा निघतो?"

शंका अगदी बरोबर आहे. घोटाळा त्या ओव्हरटेकच्या उदाहरणातच आहे. सरळ रुळांवर शेजारून जाणारी मंद गाडी आपल्याला मागे सरकताना दिसते आणि शेवटपर्यंत तशीच दिसत राहते. ग्रह मात्र गोल फिरतात, आणि सगळी गंमत त्या वळणात आहे.

पृथ्वीचा सरासरी वेग सेकंदाला २९.८ किलोमीटर, मंगळाचा २४.१. पण मंगळ ताऱ्यांमध्ये कुठल्या बाजूला सरकताना दिसेल हे या आकड्यांवरून ठरत नाही. पृथ्वीपासून मंगळापर्यंत एक दोरी ताणली आहे असं समजा. दोन्ही ग्रहांच्या वेगाचा या दोरीला आडवा जाणारा भाग तेवढाच मोजायचा. दोरीच्या दिशेतला भाग अंतर कमी-जास्त करतो, त्याने दोरी वळत नाही.

प्रतियुतीच्या दिवशी सूर्य, पृथ्वी आणि मंगळ एका रेषेत असतात. त्या वेळी दोघेही दोरीला काटकोनात धावतात, म्हणून सगळाच वेग आडवा. आपण सेकंदाला ५.७ किलोमीटरने पुढे, म्हणजे दिवसाला जवळपास पाच लाख किलोमीटर. मंगळ सरासरी ७.८ कोटी किलोमीटरवर धरला तर तो रोज साधारण एक तृतीयांश अंश मागे जाताना दिसतो. पूर्ण चंद्राची रुंदी अर्धा अंश असते, त्यावरून अंदाज घ्या.

आता ३६ दिवस पुढे या. पृथ्वी आपल्या कक्षेत साडेपस्तीस अंश वळलेली असते, मंगळ फक्त एकोणीस. तो मागे पडलेला असल्यामुळे दोरी आता तिरकी झाली आहे. पृथ्वीच्या वेगाचा बराच भाग मंगळापासून लांब जाण्यात खर्च होतो आणि आडवा भाग २१.५ वर येतो. मंगळाची दिशा दोरीशी तेवढी तिरकी झालेली नसते. त्याच्या २४.१ पैकी आडवा भाग किती उरतो? तोही २१.५! दोघे बरोबरीत, दोरी वळायची थांबते, म्हणजे मंगळ ताऱ्यांमध्ये थबकतो. पंचांगवाले याला स्तंभी म्हणतात. त्यानंतर मंगळाचा आडवा भाग वरचढ ठरतो आणि तो मार्गी होतो. पृथ्वीचा वेग कमी झालेला नसतो, तिचं तोंड दुसरीकडे वळलेलं असतं. प्रतियुतीच्या ३६ दिवस आधीही हेच घडतं, म्हणून वक्री काळ सरासरी ७२ दिवसांचा.

हा हिशेब कक्षा वर्तुळाकार धरून केला आहे. मंगळाची कक्षा चांगलीच लंबवर्तुळाकार असल्यामुळे प्रत्यक्षात फरक पडतो. २०१८ मध्ये मंगळ आपल्या खूप जवळ होता, तरी ६२ दिवसांत जेमतेम ११ अंशच मागे गेला, कारण सूर्याजवळच्या टोकाला तो स्वतःच वेगात होता. मागच्या वेळी तो लांबच्या, मंद टोकाकडे होता. ७ डिसेंबर २०२४ ते २४ फेब्रुवारी २०२५ या काळात तो सुमारे १९ अंश मागे आला.

त्या हिवाळ्यात मी गच्चीवरून दर चार-पाच दिवसांनी वहीत ठिपके काढत होतो. सुरुवातीला मंगळ पुष्याच्या धूसर तारकागुच्छाजवळ होता, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या जवळजवळ ओळीत आला. फेब्रुवारीच्या शेवटी मात्र ठिपके एकावर एक पडायला लागले. आधी वाटलं माझंच मोजमाप चुकतंय. मेच्या सुरुवातीला तो पुन्हा त्याच गुच्छापाशी हजर!

ठिपके जोडले तेव्हा जाण्यायेण्याच्या रेषा एकमेकींवर पडल्या नाहीत, मध्ये चपटा फास राहिला. मंगळाची कक्षा आपल्या कक्षेशी जवळपास दोन अंशांनी कललेली आहे, म्हणून. कल नसता तर तो त्याच रेषेवरून मागे-पुढे झाला असता.

गुरू आणि शनीलाही हाच हिशेब लागू आहे. ते लांब आणि मंद, म्हणून वक्री काळ चार-साडेचार महिन्यांचा आणि फास मात्र लहान.

स्वतः पाहायचं असेल तर मंगळाची पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ ला आहे, सिंह राशीत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून ठिपके काढायला लागा आणि मघा तारा खुणेला धरा. हात लांब केला की मूठ साधारण दहा अंशांची होते, मोजायला तेवढी पुरते.